दारात उभा असलेला बायो

इन्स्टाग्रामवर इंटिरियर डिझायनरच्या पानावर गेलं की आधी बोलतो तो बायो. अंगानं लहानखुरा, जेमतेम १५० अक्षरांचा. खालचे फोटो घर दाखवतात, पण हे घर कुणी, कुठे, कशा अटींवर केलं ते सांगणं त्याच्याकडे.

पुण्यात एकटीनं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा बायो पूर्वी म्हणायचा, 'स्वप्नातल्या घराला आकार. डिझाइन हाच श्वास.' आवाज गोड, पण हातात फ्लॅटची किल्ली आलेल्या माणसाच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. आमच्या भागात येता का? एवढं छोटं घर घेता का? पैसे कसे ठरतात? आता तो म्हणतो: 'पुण्यात २ व ३ बीएचके फ्लॅटचं इंटिरियर. जुन्या घरांचं नूतनीकरणही. अंदाजपत्रक आधी लेखी. व्हॉट्सॲप खाली.' 'इंटिरियर डिझायनर, पुणे' हे शब्द तिनं नावाच्या रकान्यात घातले, कारण शोधात तो रकाना धरला जातो. 'आर्किटेक्ट' मात्र बायो कधीच म्हणत नाही. १९७२ च्या कायद्यानुसार ते बिरुद कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांचंच.

हायलाइट्स ही त्याची धाकटी भावंडं. गोल चेहऱ्यांची, आणि नाव लांबलं की मध्येच तुटणारी. 'माझी आवडती कामं'पेक्षा 'किचन', 'आधी-नंतर', 'खर्च', 'साइट' ही नावं बरी. बोट कुठे ठेवायचं ते लगेच कळतं. मला सगळ्यात विश्वासू वाटते ती 'साइट'. तिच्यात लॅमिनेट चढण्याआधीचं उघडं प्लायवूड दिसतं, सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारा प्लाय वापरलाय की नाही तेही.

थोरली बहीण म्हणजे पिन केलेली पोस्ट. तीनपर्यंत पोस्ट पिन करता येतात, पण मैत्रिणीनं एकीवरच भिस्त ठेवली: वारज्याचा एक फ्लॅट. पहिला फोटो तयार हॉलचा, दुसरा त्याच कोपऱ्यातून काम सुरू होण्याआधीचा, तिसरा मापांसकट प्लॅन, मग किचन. कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत क्षेत्रफळ, लागलेला वेळ आणि खर्च, कारण पुढचा मजकूर 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही. घरमालकांची परवानगी घेतलेली, दारावरची पाटी फोटोबाहेर. पिनच्या जागी आधी एक थ्रीडी व्ह्यू होता, फारच देखणा. पण लोक विचारायचे, 'हे झालंय का?' आणि ते झालेलं नव्हतं. संगणकातलं चित्र सगळ्यात वर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

बायो बरा जमलाय का, ते पहिल्या मेसेजवरून ओळखावं. पूर्वी नुसतं 'रेट काय?' यायचं. आता येतं, 'बावधनला २ बीएचके, ताबा मार्चमध्ये, किचन आणि दोन वॉर्डरोब आधी करायचेत.' ज्यांना फक्त सोफा निवडून हवा असतो, ते वाचून परस्पर निघून जातात, आणि तिचा शनिवार साइटसाठी मोकळा राहतो.