मंद आचेवर

वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवीत असल्यामुळे ‘कच्चे’ या शब्दाचा मला फार सराव आहे. दरवर्षी दीडदोनशे कच्चे निबंध माझ्या हाताखालून जातात. वरून अलंकारांची छान तांबूस झिलई, आणि आत शिरावे तो मध्यभागी नुसता पिठाचा गोळा! अशा निबंधांवर लाल शाईने शेरे मारताना माझा हात कधी अडखळला नाही. पण गेल्या दिवाळीत हाच शेरा सासूबाईंच्या गुलाबजामांवर मारायची वेळ आली, तेव्हा मात्र मी चक्क खोटे बोलले.

आमच्या घरी भाऊबीजेला गुलाबजाम व्हायचे आणि ते सासूबाईंनीच तळायचे, असा अलिखित कायदा होता. खवा मळायला मी, गोळे वळायला चिमी, पाकावर लक्ष ठेवायला ‘हे’. पण कढईपाशी दुसऱ्या कुणी फिरकायचे नाही. “तू आपली तुझ्या त्या पेपरांकडे बघ,” असे म्हणून त्या मला हसत हसत हाकलून देत. गेल्या वर्षी मात्र वाटीतला गुलाबजाम चमच्याने कापला आणि आत बोराएवढी पांढरी, चिकट गाठ निघाली. एका बाजूने तो काळपट होता, दुसऱ्या बाजूने फिका. मी यांच्याकडे पाहिले, यांनी वन्संकडे, वन्संनी आपल्या वाटीकडे. मग सगळे एका सुरात म्हणाले, “छान झालेत हं, आई!”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढे महिन्याभराने कळले, की त्यांच्या डोळ्यांचा पडदा मध्यभागी खराब झाला आहे. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोरच्या माणसाचा खांदा दिसतो आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका. “गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळू या,” असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

यंदा धनत्रयोदशीला त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावले आणि खुर्ची कढईजवळ ओढून घेतली. “यंदा तू तळ. मी इथं बसते. पण एक अट आहे. मी विचारीन तेव्हा रंग खरा सांगायचा. गेल्या वर्षीसारखं नको.”

म्हणजे त्यांना सगळे कळले होते! माझी मान खाली गेली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही मांडामांड केली. गुलाबजामचा मऊ खवा अर्धा किलो, मैदा १०० ग्रॅम, खायचा सोडा दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच, आणि भिजवायला लागेल तसे दूध. खव्याची एकही कणी हाताला लागणार नाही इतका तो तळव्याने मळला. चिमीने मोजून चाळीस गोळे वळले. साधारण पंधरा ग्रॅमचा एकेक, भेगा न पडलेला. दुसऱ्या दिवशी जेवायला आम्ही अकरा माणसे. प्रत्येकी दोन म्हणजे बावीस. म्हटले, भरपूर झाले!

मी गॅस मोठा केला, तेल चांगले तापवले आणि दहा गोळे सोडले. चर्र आवाज झाला, भराभर बुडबुडे उठले आणि दीड मिनिटात गोळे असे काही सुरेख तांबूस झाले की मी खूष झाले.

“काढतेस की काय?” सासूबाईंनी दचकून विचारले.

“झाले की, आई. रंग अगदी सुंदर आलाय.”

“कसा होईल? आत्ता तर टाकलेस. आणि आवाज ऐकलास ना? गुलाबजाम असा ओरडत नाही. एक काप बरं.”

कापला. गेल्या वर्षीचीच ती पांढरी गाठ! चिमी बारावीला, शास्त्राची विद्यार्थिनी. तिने स्वयंपाकाचा तापमापक आणून तेलात धरला, टोक कढईच्या बुडाला न लावता. काटा १७५ अंशांवर. मग आम्हा दोघींना तिचे व्याख्यान ऐकावे लागले. खव्यात दुधाचीच साखर आणि दुधाचीच प्रथिने भरलेली. ती तापली की एकमेकांत मिसळून तपकिरी होतात; तेल कडक असेल तर हे मिनिटाभरात होते, आणि सोडा जास्त झाला तर त्याहूनही लवकर. पण उष्णता गोळ्याच्या पोटात शिरते ती आपल्या संथ चालीने. तिला कितीही घाई केली तरी ती धावत नाही. म्हणजे रंगाचे घड्याळ वेगळे आणि शिजण्याचे वेगळे. मधला मैदा शिजलाच नाही, तर तिथे पाकही शिरत नाही आणि गाठ तशीच राहते.

“एवढं मोठं बोलायला कशाला हवं?” सासूबाई म्हणाल्या. “बाहेरचा रंग आतल्याची ग्वाही देत नाही, झालं!”

हे दहा पुन्हा तेलात सोडावेत काय, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. साल एकदा कडक झाली, की आतले शिजेपर्यंत बाहेरचे काळे पडायचे. दहा बाद.

आता मी दुसऱ्या टोकाला गेले. गॅस बंद केला, तेल बरेच निवू दिले आणि सहा गोळे सोडले. ते तळाशी जाऊन बसले ते बसलेच. ना बुडबुडा, ना हालचाल. पाच मिनिटांनी झाऱ्याने ढकलले तर बुडाशी टेकलेली बाजू चपटी, वर तांबडा डाग, दोघांना भेगा, आणि दाबून पाहिले तर बोटाला तेलच तेल. सालच धरली नाही, तर तेल आत शिरणारच. आणखी सहा बाद. चाळिसातले चोवीस उरले आणि माझा धीर सुटला. “आई, हलवायाकडून आणू या का?”

“आणशील. पण मग पुढच्या वर्षीही आणशील.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एक चिमूटभर पीठ टाक आणि मला सांग ते काय करतंय.”

ही खरी पहिली पायरी, आणि मी ती गाळली होती. तेलात टाकलेली चिमूट लगेच उसळून वर आली आणि रंगली, तर तेल कडक. तळाशीच बसून राहिली, तर गार. ती क्षणभर तळाशी थांबावी, तिच्याभोवती मोहरीएवढे बुडबुडे जमावेत आणि मग सावकाश तरंगत वर यावी. तशी ती आली तेव्हा चिमीचा तापमापक १३५ अंश दाखवीत होता.

“आता बारा टाक. जास्त नको, तेल एकदम निवतं. आणि गोळ्यांना झारा लावू नकोस. तेल फिरव.”

म्हणजे कसे, ते त्यांनी माझा हात धरून दाखवले. झारा कढईच्या कडेने, तेलात बुडवून, गोल गोल फिरवायचा. तेल फिरले की गोळे आपोआप कुशी बदलतात, आणि सर्व बाजूंना सारखी आच लागते. झाऱ्याने एकेकाला उलटू गेले, तर कोवळी साल फाटते. गोळे तळाशी असतात तोवर तर हात थांबवायचाच नाही. एका जागी टेकले की डाग पडलाच.

दीडेक मिनिटाने गोळे एकेक करून वर आले. आवाज जवळजवळ नव्हताच. लांब कुठेतरी पावसाची भुरभुर चालली असावी, तेवढाच. सासूबाई मान तिरकी करून तो ऐकत होत्या.

“रंग?”

“पांढरट.”

“पांढरट म्हणजे काय? सायीसारखा की भाजल्या रव्यासारखा?”

माझी एम. ए.ची पदवी इथे लटकी पडली. तांबूस, पिंगट, तपकिरी हे शब्द मी वर्गात सुखेनैव वापरते. पण डोळ्यांनी न बघणाऱ्या माणसाला त्यातून काहीच दिसत नाही, हे त्या दिवशी कळले. मग मी सांगू लागले. चौथ्या मिनिटाला भाजल्या रव्यासारखा. सहाव्याला चिकूच्या सालीसारखा. मध्येच आवाज किंचित चढला, तशा त्या म्हणाल्या, “आच बारीक कर.” चिमीने पाहिले तर काटा खरोखरच १४५ वर सरकला होता. जाड बुडाची कढई गॅस बारीक केल्यावरही बराच वेळ तापत राहते, ही गोष्ट तापमापकाआधी त्यांच्या कानांनी ओळखली!

आठव्या मिनिटाला मी म्हटले, “नव्या चिंचेसारखा झालाय, आई. पण दोन गोळ्यांवर फिकी टिकली आहे.” मनात आले होते की टिकलीचे सांगू नये. पण सांगितले.

“मग फिरवत राहा. खजुरासारखा झाला की काढ. बाहेर आल्यावरही थोडा गडद होतो.”

नऊ मिनिटे होऊन गेली तेव्हा काढले. मिनिटभर निथळू दिले आणि कोमट पाकात सोडले. उकळता पाक असता तर सुरकुतले असते. पुढचा घाणा टाकण्याआधी कढई खाली उतरवायला लावली, कारण पहिल्या घाण्याच्या अखेरीस तेल नेहमी जास्तच तापलेले असते. पुन्हा चिमूट, पुन्हा तोच संथ प्रवास, पुन्हा बारा. तीन तासांनी एक कापून पाहिला. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी जाळी, आणि पाक अगदी पोटात गेलेला. चोवीसातला एक असा परीक्षेत खर्ची पडला.

भाऊबीजेला वन्संनी पहिला घास घेतला आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “छान झालेत हं, आई!”

“हे हिनं तळलेत,” सासूबाई म्हणाल्या. “आणि गेल्या वर्षीचे आत कच्चे होते. माझ्या वाटीतलाही. पण तुम्हा कुणाला सांगावंसं वाटलं नाही.”

पंगत गप्प झाली. यांनी उगाचच पाणी मागितले. वन्संचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “तुला वाईट वाटेल म्हणून, आई.”

“मला दिसत नाही याचं वाईट वाटतंच की गं. पण तुम्ही सांगायचंही थांबलात, तर मग मी बघू कशानं?”

बावीस वाढून उरलेला एक मी त्यांच्या वाटीत घातला. त्यांनी तो बोटांनी चाचपून मधोमध मोडला, नाकाशी नेला आणि विचारले, “आतला रंग?”

“खव्याच्या पेढ्यासारखा, आई. मध्यापर्यंत एकच. फक्त एका कडेला जरासा काळपट आहे.”

“असू दे,” त्या म्हणाल्या, “तेवढं पुढच्या वर्षी शीक.” आणि ती काळपट कडच त्यांनी आधी तोंडात टाकली.