खाड्याचा रकाना

१० जानेवारी, शुक्रवार

आरोग्य संवादाच्या पेपरासाठी प्रकल्प मिळाला: लसीकरणाची एक जनजागृती मोहीम ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’वर बेतून दाखवायची. वर्गात बहुतेकांनी कोविडची लस धरली. मी आणि माझ्या जोडीदारणीने साखर कारखान्याच्या तळावरची ऊसतोड कुटुंबं घेतली आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. पहिल्या वेळी मूल बीडकडे आपल्या गावी असेल, तर दुसऱ्याच्या वेळी ते आई-बापाबरोबर इकडे कोपीत असण्याची शक्यता बरीच. गाळप दिवाळीनंतर सुरू होतं ते थेट मार्चपर्यंत.

सरांनी मॉडेलची जन्मकथा सांगितली. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून द्यायला फिरत्या गाड्या वस्त्यावस्त्यांत उभ्या केल्या. तरी लोक पुरेसे येईनात. हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने येणाऱ्या-न येणाऱ्यांना विचारलं. आपल्यालाही क्षय होऊ शकतो आणि लवकर कळलं तर फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी स्वतःहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांनी. त्यातून पुढे रकाने ठरले: धोका मला आहे का, आजार किती गंभीर, उपायाचा फायदा काय, आडवं काय येतं, आणि माणसाला उठवणारं निमित्त कोणतं. ‘हे मला जमेल’ हा विश्वास १९८८ मध्ये जोडला गेला.

यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिथे गाडी दारात होती आणि एक्स-रे फुकट होता. म्हणजे वाटेतले बरेच धोंडे आधीच उचललेले होते, म्हणूनच प्रश्न माणसाच्या मनाकडे वळला. आमच्या तळावर गाडी दारात आहे का, हे अजून बघितलेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तळावर मात्र तोड चालूच. हा बैलगाडीवाल्यांचा तळ, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. पहाटे तीन-चारला माणसं फडात जातात, दुपारून गाड्या भरून काट्यावर येतात, आणि नंबर लागेपर्यंत बैलांशेजारी बसून राहतात. बायका तोवर कोपीत येऊन चुलीला लागलेल्या असतात. बोलायला तेवढीच वेळ मिळते.

चार-पाच जणींशी बोललो. एकीला विचारलं, गोवराची भीती वाटते का? तिने भाकरी थापता थापता उत्तर दिलं, “आमाला समद्यास्नी गवर निगाला व्हता. मेलो का आमी?” बाकीच्या हसल्या. शेजारची म्हातारी म्हणाली की गोवर नीट बाहेर पडला पाहिजे, आत राहिला की लेकराला धाप लागते. जोडीदारणीने लगेच वहीत लिहिलं: ‘गांभीर्य कमी वाटते’. मला तसं वाटत नाही. गोवरानंतर होणारा न्यूमोनिया म्हातारीने पाहिलेला आहे, फक्त तिची कारणमीमांसा वेगळी आहे. गांभीर्याच्या रकान्यात तिला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

१७ जानेवारी, शुक्रवार

पोस्टरचा पहिला कच्चा आराखडा वर्गात दाखवला. अंगभर पुरळ उठलेलं मूल, लाल अक्षरं, ‘गोवर जीव घेऊ शकतो’. वर्गाला आवडला. सरांनी काही न बोलता आम्हाला एक निबंध वाचायला दिला.

तो लेव्हेन्थाल आणि सहकाऱ्यांचा १९६५चा प्रयोग. हा लेव्हेन्थाल मॉडेल घडवणाऱ्यांच्याच गोटातला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पत्रकं दिली. काही भयंकर, काही सौम्य. भयंकर वाचणाऱ्यांची मतं जास्त बदलली, लस घ्यायचा इरादाही वाढला. पण इंजेक्शन प्रत्यक्ष घेतलं कोणी? ज्यांना पत्रकाबरोबर आरोग्यकेंद्रावर गोल केलेला नकाशा दिला आणि आपल्या आठवड्यात केव्हा जाता येईल ते बघायला सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्क्यांनी. ज्यांना नुसतं ‘घ्या’ म्हटलं त्यांच्यापैकी तीन टक्क्यांनी. आरोग्यकेंद्र कुठे आहे हे त्या मुलांना नकाशाशिवायही ठाऊक असणार.

पुरळाचं पोस्टर मी गादीखाली टाकलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज उपकेंद्रातल्या परिचारिकाताईंबरोबर तळाची यादी केली. सोळा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं घेतली, कारण दुसरा डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. तीस मुलं निघाली. नऊ जणांचे दोन्ही डोस झालेले. सतरा जणांचा पहिला झालेला, दुसरा नाही. चारच अशी की ज्यांना गोवराचा एकही डोस नाही.

या सतरा आणि चार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लसीकरणवाले त्यांना ड्रॉप-आउट आणि लेफ्ट-आउट म्हणतात, आणि बहुतेक मोहिमा त्यांना एकाच भोंग्यावरून बोलतात. या सतरा आयांनी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना ‘पेंटा’साठी लेकराला नेलं, नवव्या महिन्यात परत नेलं. लशीवर विश्वास नसता तर एवढ्या खेपा कोण घालतं? धोका, गांभीर्य, फायदा हे तिन्ही रकाने त्यांच्यापुरते भरलेले आहेत. उरतात अडथळा, निमित्त आणि ‘जमेल का’. मोहीम या सतरांसाठी करायची, असं आम्ही ठरवलं. चौघांच्या घरी ताई आणि आशाताई स्वतः बसून बोलतील. तिथे छापील कागदाचं काम नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सतरापैकी जितक्या जणी भेटल्या त्यांना एकच विचारलं: दुसरा डोस का राहिला?

‘कार्ड गावाकडं राहिलं.’ हे सगळ्यात जास्त वेळा. कार्ड नसेल तर सुई देत नाहीत अशी समजूत आहे, आणि ती उगीच झालेली नाही. एकीला मागच्या हंगामात एका केंद्रावरून तेवढ्याच कारणाने परत पाठवलं होतं. नियम उलटा आहे. कार्ड नसलं तरी मूल परत पाठवायचं नाही, नवीन कार्ड करून द्यायचं. आधीचा डोस झाला की नाही याची खात्री नसेल तर एक जास्तीचा दिल्याने अपाय नाही.

दुसरं कारण खाडा. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकजण न गेलं तर त्या दिवसाचा खाडा उचलीच्या हिशोबात चढतो. सत्र सकाळी दहाला असतं. दहाला ती बाई फडात असते.

तिसरं कारण ताप. सत्राचा दिवस एक वेळ निभावेल, पण रात्री लेकरू फणफणलं की दुसऱ्या दिवशीही खाडा. या वयात गोवर-रुबेलाबरोबर डीपीटीचा बूस्टर मांडीत देतात, आणि त्याच रात्रीचा ताप सहसा त्याचा असतो. एक-दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचा आलाच तर आठवडाभराने येतो, कधी बारीक पुरळासकट, आणि मग आई म्हणते की सुईनेच गोवर आणला. हे तिला आधी सांगायला हवं. परिचारिकेने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, पुढे केव्हा यायचं, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, कार्ड जपून ठेवा. गर्दीत बहुतेक वेळा दुसरीच तेवढी सांगितली जाते.

२८ जानेवारी, मंगळवार

एक अडथळा आईच्या बाजूचा नव्हताच. गोवर-रुबेलाची लस पावडर असते, द्रावण घालून तयार करावी लागते. एका कुपीत अनेक डोस, आणि एकदा तयार केली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. त्यामुळे एकटं मूल आलं की काही ठिकाणी “पुढच्या वेळी या” म्हणतात. एका मुलासाठीही कुपी उघडावी असंच धोरण आहे, पण वाया गेलेल्या डोसांचा हिशोब हाताखालच्या माणसाला द्यावा लागतो. ताईंनी स्पष्ट सांगितलं, “तुम्ही दहा-बारा लेकरं एका वेळेला आणा, मी संध्याकाळी येते.”

मग सगळं उलटं मांडलं. सत्र बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ, गेटासमोरच्या अंगणवाडीत. पोस्टरऐवजी हातभर चिठ्ठी: काट्यापासून अंगणवाडीपर्यंतची वाट, वेळ, ‘कार्ड नसलं तरी चालेल’, आणि ताप आला तर पॅरासिटामॉलचा डोस ताई लिहून देतील त्याची मोकळी जागा. निमित्तासाठी आधी काट्यावरच्या वजनपावतीवर शिक्का मारायचं मनात होतं. कारखान्याच्या कार्यालयाने नकार दिला. झालं ते बरंच झालं; पावती गाडीवानाच्या खिशात जाते आणि पंधरवड्याच्या हिशोबापर्यंत तिथेच राहते. आता मुकादमाच्या आवाजातला निरोप त्याच्याच टोळीच्या व्हॉट्सअॅप गटावर जाईल. मुकादम म्हणाला, “संध्याकाळची सुई आसंल तर माजं काय जातंय?”

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल सत्र झालं. सतरापैकी बारा आली, चौघांपैकी एक. ताईंनी कुपीवर उघडल्याची वेळ पेनने लिहिली, ५.५०. शेवटचं मूल आठला पाच मिनिटं असताना आलं, बाप काट्यावरून तसाच, अंगभर पाचट. न आलेल्या पाचांपैकी तिघांची टोळी चार दिवसांपूर्वी दुसऱ्या फडाकडे हलली होती.

आज सकाळी कोपीकोपीतून फिरलो. तिघांना रात्री ताप होता. त्यांच्या आयांनी औषध पाजून कामाला जायची वेळ चुकवली नव्हती. एकीने लेकरू म्हातारीजवळ ठेवलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सादरीकरण. परीक्षक बाईंनी विचारलं की तुमच्या मोहिमेत जागृती कुठे आहे? मोहिमेआधी आणि नंतर ज्ञान मोजणारी प्रश्नावली का नाही? मी म्हटलं, आम्ही कार्डाचे अर्धुकले मोजले. १९८४च्या जान्झ आणि बेकरच्या आढाव्यातही सगळ्यांत वजनदार ठरला तो अडथळ्याचाच रकाना, आणि गांभीर्याचा सगळ्यांत हलका. बाईंचं समाधान झालं नाही. त्यांचा एक मुद्दा खरा आहे: तुलनेला दुसरा तळ घेतला नव्हता, त्यामुळे बारा मुलं चिठ्ठीमुळे आली की संध्याकाळच्या वेळेमुळे, हे आम्हाला सांगता येत नाही. माझा कौल वेळेला.

सर म्हणाले, मॉडेल माणसाच्या डोक्यातलं मोजतं. सत्राची वेळ कोण ठरवतं ते त्यात लिहायला जागा नाही. मग आमचा तक्ता घेऊन त्यांनी अडथळ्यांच्या रकान्यात दोन उपरकाने पाडले: आईने मनात ओलांडायचे आणि दुसऱ्याने उचलायचे. पहिल्यात तापाची भीती आणि कार्डाची समजूत. दुसऱ्यात खाडा, सत्राची वेळ, कुपी.

एक गोष्ट राहिलीच आहे. अर्धुकले उपकेंद्रातल्या कापडी पिशवीत, पुढचा डोस ज्या महिन्यात त्या महिन्याच्या खिशात जातात. डीपीटीचा पुढचा बूस्टर पाच ते सहा वर्षांचं झाल्यावर. तोवर ही मुलं कुठल्या तळावर असतील कोण जाणे. ताई म्हणतात, यू-विनवर नोंद केली की कुठूनही दिसते. खरं आहे, पण नोंद मोबाइल क्रमांकावर होते, आणि बारापैकी सात मुलांपुढे मुकादमाचा क्रमांक लिहिलाय. सोमवारी आशाताईंबरोबर जाऊन ते सात बदलून घ्यायचे आहेत, टोळी उठायच्या आत.