तिन्ही मुळे एकच

दहावीच्या वर्गसमीकरणात ‘मुळे समान आहेत’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लिहिलेले असते. x² − 2x + 1 = 0 याची दोन्ही मुळे 1 येतात आणि त्यात नवल काही नसते, कारण डावी बाजू म्हणजे (x − 1)², एकच अवयव दोनदा. एम.एस्सी.च्या वर्गात मी याच्या पुढचा प्रश्न विचारतो. ज्या बहुपदीचे अवयव पडतच नाहीत, म्हणजे जी इरिड्युसिबल आहे, तिची मुळे समान असू शकतील का? जिची सगळी मुळे वेगवेगळी असतात ती सेपरेबल आणि जिचे एखादे मूळ पुन्हा येते ती इनसेपरेबल. परिमेय संख्यांवर काम करणाऱ्याला इरिड्युसिबल आणि तरीही इनसेपरेबल अशी बहुपदी जन्मात भेटत नाही.

का भेटत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. बहुपदी f चे मूळ पुन्हा आले, तर तेच मूळ तिच्या डेरिव्हेटिव्हचे, f′ चेही असते. इथे डेरिव्हेटिव्ह म्हणजे निव्वळ नियम: xⁿ च्या जागी nxⁿ⁻¹ लिहायचे. लिमिटचा संबंध नाही. आता f आणि f′ यांचा मसावि युक्लिडच्या भागाकाराने काढा. त्या भागाकारात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढेच होते, म्हणून मसाविचे सहगुणक मूळच्या फील्डमध्येच राहतात. दोघांचे एक मूळ सामाईक आहे, तेव्हा मसावि 1 नाही. f चे अवयव पडत नाहीत, तेव्हा मसावि म्हणजे खुद्द f. म्हणजे f ने f′ ला नि:शेष भाग जातो. पण f′ ची कोटी f पेक्षा कमी! हे जमायला एकच वाट उरते: f′ शून्य असले पाहिजे. परिमेय संख्यांवर स्थिर संख्या सोडल्यास कोणत्याही बहुपदीचे डेरिव्हेटिव्ह शून्य होत नाही, आणि विषय तिथेच संपतो.

ज्या फील्डमध्ये 3 = 0 असते, तिथे मात्र ती वाट मोकळी आहे. F₃ हे सर्वांत लहान उदाहरण: त्यात 0, 1, 2 एवढेच घटक, आणि बेरीज-गुणाकार करून 3 ने भागल्यावरची बाकी घ्यायची. अशा फील्डची कॅरॅक्टरिस्टिक 3 असते. x³ चे डेरिव्हेटिव्ह 3x², म्हणजे शून्य. ज्या बहुपदीत x चे सगळे घातांक 3 च्या पटीत आहेत, तिचे डेरिव्हेटिव्ह शून्य होते. इतर कोणत्याच बहुपदीचे होत नाही.

इथपर्यंत आल्यावर हुशार विद्यार्थी लगेच x³ − 2 लिहितो आणि उदाहरण सापडले म्हणतो. ते उदाहरण नव्हे. F₃ मध्ये 2³ = 8 = 2, म्हणून x³ − 2 = (x − 2)³. अवयव पडले, बहुपदी इरिड्युसिबल उरलीच नाही. F₃ ऐवजी 9 किंवा 27 घटकांचे फील्ड घेतले तरी हेच घडते, आणि त्याचे कारण फार सुंदर आहे. 3 = 0 असल्यामुळे (a + b)³ = a³ + b³, मधली दोन्ही पदे नाहीशी होतात. म्हणून a³ = b³ असेल तर (a − b)³ = 0, म्हणजे a = b. दोन वेगळ्या घटकांचे घन कधीच सारखे येत नाहीत. फील्ड सांत असेल, तर घनांची संख्या घटकांच्या संख्येइतकीच भरते, म्हणजे प्रत्येक घटक कुणाचा तरी घन असतोच. मग फक्त x³ च्या घातांनी बनलेल्या बहुपदीचा प्रत्येक सहगुणक घन आहे आणि ती अख्खी बहुपदीच दुसऱ्या एका बहुपदीचा घन निघते. सांत फील्डवर शोध घेणे व्यर्थ. ज्याला फील्डच्या आत घनमूळ नाही असा घटक आपल्याला हवा.

तो मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक नवे अक्षर t घेणे आणि t मधल्या बहुपदींचे अपूर्णांक, म्हणजे F₃(t), हे आपले फील्ड मानणे. आता बहुपदी x³ − t पाहा. तिची कोटी 3 आहे, म्हणून तिचे अवयव पडले तर एक अवयव पहिल्या कोटीचा असणार, म्हणजे F₃(t) मध्येच तिचे एक मूळ असणार. ते a/b आहे असे समजा. a आणि b या t मधल्या बहुपदी. मग a³ = t·b³. डाव्या बाजूची कोटी 3 च्या पटीत, उजव्या बाजूची 3 च्या पटीपेक्षा 1 ने जास्त. हे अशक्य आहे. तेव्हा x³ − t इरिड्युसिबल.

आता फील्ड मोठे करून त्यात t चे एक घनमूळ α आणा. α³ = t, म्हणून x³ − t = x³ − α³ = (x − α)³. तिन्ही मुळे एकच! खालच्या फील्डवर अखंड असलेली बहुपदी वर गेल्यावर एकाच मुळात गोळा होते.

याचा परिणाम गॅल्वा सिद्धान्तावर थेट होतो. खालचे फील्ड स्थिर ठेवणारी सममिती एका मुळाला दुसऱ्या मुळाकडे नेते. इथे α ला जायला दुसरे मूळच नाही. विस्ताराची कोटी 3, पण सममिती फक्त एक, जागच्या जागी राहण्याची. याच्या शेजारी x³ − x − t ठेवा. तिचे डेरिव्हेटिव्ह −1, शून्य नाही. β हे तिचे मूळ असेल तर β + 1 आणि β + 2 हीसुद्धा मुळे आहेत, कारण (β + 1)³ − (β + 1) = β³ − β. तीन वेगळी मुळे, तीन सममिती. फील्ड तेच, t तोच, कोटी तीच. मधल्या एका −x ने सगळे बदलले. दोन्ही प्रकार मिसळलेलेही सापडतात: x⁶ − t याच फील्डवर इरिड्युसिबल आहे, आणि तिला दोन वेगळी मुळे असून प्रत्येक मूळ तीनदा येते.

हा भेद पद्धतशीरपणे मांडला एर्न्स्ट श्टाइनिट्झ यांनी, 1910 साली क्रेलेच्या नियतकालिकात आलेल्या फील्डांवरच्या दीर्घ निबंधात. ज्या फील्डवर इरिड्युसिबल बहुपदी कधीच इनसेपरेबल नसते, त्याला त्यांनी ‘पूर्ण’ म्हटले. परिमेय संख्या पूर्ण, सगळी सांत फील्ड पूर्ण, F₃(t) अपूर्ण.

वाचकांपैकी कुणी पुस्तक उघडणार असेल तर व्याख्या आधी तपासावी. काही लेखक बहुपदीची सगळी मुळे वेगळी असतील तरच तिला सेपरेबल म्हणतात. काहींना तिच्या प्रत्येक इरिड्युसिबल अवयवाची मुळे वेगळी असली की पुरते. परिमेय संख्यांवरची (x − 1)² पहिल्या व्याख्येने सेपरेबल नाही, दुसऱ्या व्याख्येने आहे. x³ − t मात्र दोन्ही व्याख्यांनी इनसेपरेबलच ठरते. आणि 3 च्या जागी 2, 5, 7, कोणतीही मूळ संख्या p घेऊन xᵖ − t वर हेच गणित स्वतः करून पाहावे. मुळाची कोटी मोजण्याचा युक्तिवाद जसाच्या तसा चालतो; पण p = 5 पासून पुढे ‘अवयव पडले तर एक पहिल्या कोटीचा’ ही पायरी आयती मिळत नाही, तिच्यासाठी (x − α)ᵏ या अवयवातला xᵏ⁻¹ चा सहगुणक −kα पाहावा लागतो. k हा p पेक्षा लहान असल्याने त्याने भागता येते, आणि α खालच्या फील्डमध्येच असल्याचे निघते.