वाटी मोडून बघ

होळीनंतर जव्हारच्या पठारावरची हवा बदलते. सकाळी थोडा गारवा असतो, पण दुपार चढली की ऊन असं कोरडं लागतं की दोरीवरचं धोतर तासाभरात कडक होतं. जामसरच्या शेतांत तेव्हा काही उभं नसतं. नागली, वरई, खुरासणी केव्हाच घरात आलेली असते आणि अंगणं मोकळी पडलेली असतात. नारळ हे काही इथलं पीक नव्हे. तो खालून, केळवे-डहाणूच्या किनारपट्टीच्या वाड्यांतून पोत्यात बसून घाट चढतो. पण त्याचं खोबरं करायला मला किनाऱ्यापेक्षा हे पठारच जास्त आवडतं. किनाऱ्यावर ऊन असलं तरी वाऱ्यात समुद्राचा ओलावा असतो. संध्याकाळ झाली की दिवसभर सुकलेली वाटी पुन्हा दमट लागते. इथली चैत्रातली दुपार ओलावा नुसती घेते, परत काही देत नाही.

सुरुवात नारळाच्या निवडीपासूनच होते. झाडावर पुरतं वर्ष काढलेला, सोडण तपकिरी पडलेला नारळ हवा. कानाशी हलवला की आतलं पाणी स्पष्ट वाजलं पाहिजे. उतरवल्यावर तो सोडणासकट महिनाभर सावलीत राहिला तर आणखी चांगला. अपुऱ्या दिवसांच्या नारळाचं खोबरं सुकवताना आक्रसतं आणि रबरासारखं चिवट होतं, ते कितीही उन्हात ठेवा, कडकन मोडत नाही. मोड आलेला नारळही नको. त्याच्या पोटातल्या गोड गोळ्याने खोबरं आतून खाऊन पातळ केलेलं असतं.

नारळ फोडायचा तो सकाळी, ऊन नुकतं पसरत असताना. शेंडी काढलेला नारळ हातात धरून फिरवत राहायचं आणि कोयत्याच्या पाठीने मधोमध ठोके द्यायचे. दोन सारख्या वाट्या होतात. पाणी ओतून घेतलं की वाट्या घटकाभर पालथ्या ठेवायच्या, निथळू द्यायच्या, मग तोंड वर करून उन्हात मांडायच्या. हा पहिला दिवसच सगळ्यात नाजूक असतो. ताज्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं, वर साखर आणि प्रथिनं. फोडलेली वाटी दुपारपर्यंत सावलीत राहिली तर तिच्यावर बुळबुळीत थर येतो आणि ती पिवळट-गुलाबी पडते. नंतरचं कुठलंही ऊन तो रंग काढू शकत नाही. आभाळ आलेलं असेल तर नारळ त्या दिवशी फोडूच नये, तो आपल्या करवंटीत सुखरूप असतो.

वाट्या मी बाजेवर मांडते, म्हणजे खालूनही वारा खेळतो. तापलेल्या पत्र्यावर मांडायचा मोह होतो, पण पत्र्यावर कडा आणि पृष्ठभाग झपाट्याने कडक होतात आणि आतलं पाणी आतच कोंडतं. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं घरात घ्यायचं. पहिल्या रात्री एकावर एक रचायचं मात्र नाही. ओल्या वाट्यांचा ढीग रात्रभर घामेजतो. घरातल्या मोकळ्या जागेत एकेक वाटी सुटी पसरून ठेवावी.

दोन-तीन दिवसांत खोबरं करवंटीपासून सुटू लागतं. आधी कडेला केसाएवढी फट दिसते, मग वाटी हलवली की आतला भाग किंचित सरकतो. सुरीचं टोक घालून हलकेच उचकलं की अख्खी वाटी हातात येते. तिची पाठ तपकिरी आणि ओलसर असते. त्या घडीला अनेकांना वाटतं की झालं. झालेलं नसतं. तेव्हाही खोबऱ्यात तिसऱ्या भागाच्या आसपास पाणी उरलेलं असतं. आता ते पाठ वर, पोट वर असं आलटून पालटून आणखी चार-पाच कडक दिवस सुकवावं लागतं.

खरी परीक्षा यानंतरची. माझ्या सासूबाई केळव्याच्या. मी वाटी बोटांनी दाबून पाहत होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, दाबून काय बघतेस? वरून सगळंच सुकलेलं लागतं. मोडून बघ." वाटी कडेला पातळ असते, तिथे ती आधी सुकते आणि फसवते. मोडायची ती जिथे खोबरं सगळ्यात जाड आहे तिथे. ओली असेल तर तुकडा आधी वाकतो, मग फाटतो. सुकलेली असेल तर वाकत नाही, आवाज करून तुटते. मग तुटलेली बाजू उजेडात धरायची. दोन्हीकडे पांढरं आणि मध्ये काचेसारखी, जरा काळपट पारदर्शक रेघ दिसली, तर ती रेघ म्हणजे कोंडलेलं पाणी. ती पूर्ण जाईपर्यंत ऊन द्यायचं. पाठीवर बारीक सुरकुत्या आलेल्या असतात, नख रुतवलं तर ओल न येता तेलाची चकाकी येते, आणि खिसणीवर खिसलं तर कीस चिकटत नाही, भुरभुर पडतो.

घरात वजनकाटा असेल तर डोळ्यांना त्याची जोड द्यावी. समजा, फोडून निथळलेल्या दोन वाट्या करवंटीसह ४८० ग्रॅम भरल्या आणि खोबरं सुटल्यावर रिकामी करवंटी १६० ग्रॅम. म्हणजे ओलं खोबरं ३२० ग्रॅम, त्यातलं निम्मं, १६० ग्रॅम, पाणी धरा. टिकाऊ खोबऱ्यात सहा-सात टक्केच पाणी राहायला हवं. तेव्हा हे खोबरं १७० ग्रॅमच्या आसपास आलं की थांबायला हरकत नाही. हा अंदाज आहे, कारण नारळानारळात पाणी कमी-जास्त असतं आणि करवंटीही थोडी सुकते. वजन दोन दिवस तेच राहिलं म्हणून मात्र फसू नये. दमट हवेत ते याहून जास्त असतानाही अडून बसतं, कारण हवा आणखी पाणी घ्यायला तयार नसते. म्हणून वैशाख सरून ढग जमू लागण्याआधी हे काम उरकलं पाहिजे.

कर्नाटकात तिपटूरकडे अख्खे नारळ माळ्यावर महिनोन्महिने ठेवतात. आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा करवंटीत खुळखुळू लागला की ते तयार झालं असं समजतात. तिथे नारळ स्वतः सांगतो. वाटीला ती सोय नाही, तिला विचारावं लागतं.

शेवटची खात्री मी काचेच्या बरणीत करते. चार तुकडे कोरड्या बरणीत घालून घट्ट झाकण लावायचं आणि बरणी दुपारी उन्हात ठेवायची. काचेला आतून धुकं धरलं तर खोबरं अजून कच्चं आहे. काच स्वच्छ राहिली तर वाट्या पूर्ण थंड होऊ द्याव्यात आणि मगच डब्यात भराव्यात. गरम भरल्या तर डब्यातच दव धरतं.

जामसरचा पाऊस धो-धो असतो आणि आषाढात घरातलं मीठही पाझरतं. म्हणून डबा घट्ट हवा आणि अधूनमधून उघडून पाहायला हवा. उघडीप मिळाली की खोबऱ्याला पुन्हा ऊन द्यावं. पण वाटीवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर पुसून, भाजून ती वापरू नका. त्या बुरशीचं विष भाजण्याने जात नाही. ती वाटी सरळ टाकून द्या, आणि डब्यातल्या बाकीच्या वाट्याही एकेक करून मोडून बघा.