हिंगाच्या डबीवरचा देश

लेकीच्या शाळेचा प्रकल्प: स्वयंपाकघरातल्या लेबलांवर किती देश? रात्री ओट्यावर डबे मांडले. बदाम अमेरिकेचे, खजूर इराणचा, ऑलिव्ह तेल स्पेनचं. बाकी भारतच. हिंगाच्या डबीवरही भारत, पण घटकांत मैदा, डिंक, तेल आणि जरासा हिंग. तो मूळ चीक येतो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून; आपल्याकडे लाहौलमध्ये लागवडीला सुरुवातच २०२० साली झाली. मिसळणं, डबीत भरणं इथलं, म्हणून देश इथला.

"मग बाबा, अफगाणिस्तान लिहू?"

म्हटलं, दोन रकाने कर: लेबलाचा एक, आतल्या मालाचा दुसरा. इतवारीतून सुटी आणलेल्या तूरडाळीला तर लेबलच नव्हतं. विदर्भाची की मोझांबिकची, वरणात काय कळणार? तिथे तिने दोन्ही रकान्यांत प्रश्नचिन्ह काढलं.