भाडेकरूला दोनदा मिळणारे नव्वद दिवस

कल्याणमध्ये आमच्या वडिलोपार्जित इमारतीतील एक गाळा जुन्या भाडेकरूकडे होता. भाडे दरमहा ५०० रुपये. बारा महिन्यांचे ६,००० रुपये थकले, तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, “पाणी तोडू या.” वकिलांनी थांबविले, पाणी-वीज तोडण्यास कायद्याची मनाई आहे.

त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १५ समजावून सांगितले. आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागते. ती बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याविना दावा दाखल करता येत नाही. म्हणून नोटीस पोहोचल्याची पोचपावती आम्ही जपून ठेवली.

दावा लागल्यावर भाडेकरूला दुसरी संधी मिळते. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत संपूर्ण थकबाकी, तीवर वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा मिळत नाही. आमच्या भाडेकरूने ही सर्व रक्कम मुदतीत भरली.

परंतु निकालापर्यंत दरमहाचे भाडेही नियमित भरावे लागते. त्याने चार महिने भरले आणि पुढे थांबला. भरण्याच्या नोंदींतून हा खंड स्पष्ट दिसला, त्याचे संरक्षण संपले आणि ताब्याचा हुकूमनामा झाला.

हे जुन्या भाडेकराराविषयी. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामे करून घेण्यासाठी मात्र कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे लागते.