सहा वर्षांची एक ओळ

माझा दादा २०१९ साली बी. ए. झाला आणि २०२५ च्या पावसाळ्यात गडचांदूरकडील एका सिमेंट कारखान्याच्या कंत्राटदाराकडे नोकरीसाठी अर्ज करू लागला. जागा होती वजनकाट्यावरच्या लिपिकाची. मधली सहा वर्षे त्याने अर्जात एका ओळीत बसविली होती : ‘स्पर्धा परीक्षांची तयारी.’ ती ओळ वाचून तो स्वतःच थबकला. “सहा वर्ष काय केलं, असं साहेबानं विचारलं तं काय सांगू?” असे त्याने मला विचारले. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत असा प्रश्न पडलेले तरुण गावोगाव आहेत, म्हणून त्याचे उत्तर आम्ही कसे शोधले ते लिहिते.

पहिला सल्ला झेरॉक्सच्या दुकानात मिळाला. ओळखीच्या दुकानदाराकडून अनुभवाचा दाखला आणा, म्हणजे खड्डा बुजला! पण असा दाखला पाहणारा माणूस लगेच पगाराची पावती नाही तर बँकेतील नोंद मागतो. शिवाय दादाजवळ प्रवेशपत्रांचा गठ्ठा होता. ज्या दिवसांत तो मैदानावर धावत होता, त्याच दिवसांत तो दुकानात बसला होता असे कोणत्या तोंडाने सांगणार?

मग तो गठ्ठाच आम्ही जमिनीवर पसरला आणि तारखा लावू लागलो. पोलीस भरतीची जाहिरात सप्टेंबर २०१९ ची, पण तिची लेखी परीक्षा झाली २०२१ मध्ये. मध्ये महापरीक्षा पोर्टल बंद झाले, टाळेबंदी आली. म्हणजे सहापैकी दोन वर्षे तर एकाच परीक्षेची वाट पाहण्यात गेली होती. पुढची जाहिरात नोव्हेंबर २०२२ ची. तिच्यात मैदानी चाचणी आधी झाली आणि दादाला ५० पैकी ४१ गुण मिळाले. एका जागेमागे दहा जणांना लेखीला बोलावतात, त्यांत तो होता. एप्रिल २०२३ च्या लेखीनंतर दोन गुणांनी यादीबाहेर राहिला. त्याच वर्षी तलाठ्याची परीक्षा दिली, २०२४ मध्ये पुन्हा पोलीस भरती. ‘तयारी’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही. तो लेखीपर्यंत पोहोचला होता हे लिहिल्यावर मात्र वाचणाऱ्याला काही मोजता येते.

खरी गोष्ट आईने सुचविली. ती म्हणाली, “अन् तेंदूचे पैसे कोण आणत होता?” दादा दर मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर मुंशी असे. सत्तर पानांचे एक पुडके. मजूर बायांनी आणलेली पुडकी मोजायची, ज्याच्या त्याच्या नावे कार्डावर व वहीत चढवायची, संध्याकाळी दोन्हींचा मेळ घालायचा. एखाद्या पुडक्यात पाने कमी निघाली की तिथेच भांडण. हे काम त्याने चार हंगाम केले होते, पण तो त्याला नोकरी मानीत नसे. आमच्याकडे नोकरी म्हणजे सरकारी. बाकीची नुसती कामे! वजनकाट्यावर तरी दुसरे काय असते? भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजा केलेला आकडा आणि नोंद. आम्ही हंगामांची वर्षे अर्जात घातली. मुकादमाने सहीचे पत्र दिले.

मुलाखतीत साहेबांनी सहा वर्षांबद्दल फारसे विचारलेच नाही. कागद चाळला, मोजणीबद्दल दोन प्रश्न केले आणि म्हणाले, “उद्या भरती निघाली तर तुम्ही जाणारच ना?” त्यांची भीती तीच होती. माणसाला काम शिकवायचे आणि जाहिरात आली की त्याने निघून जायचे. वय संपले असे सांगण्याची सोय दादाला नव्हती. तो अठ्ठावीसचा आहे. आमच्या प्रवर्गाला पोलीस भरतीत ३३ पर्यंत मुभा आहे, तलाठ्यासाठी तर ४३ पर्यंत. “आता परीक्षा देणार नाही” हे वाक्य पुष्कळ जण म्हणतात आणि साहेब लोकांना ते पाठ असते.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही घरी रात्रभर घासले होते. दादा म्हणाला, “साहेब, मैदानाची भरती मी सोडली. त्यासाठी रोज सकाळी दोन तास लागतात, ते पाळीच्या कामात जमणार नाहीत. नुसत्या लेखीची परीक्षा सुटीच्या दिवशी आली तर देईन. लागलो तर महिनाभर आधी सांगेन अन् नव्या माणसाला काटा शिकवूनच जाईन.” साहेब काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी रात्रपाळी चालेल का, एवढेच विचारले.

सहा महिने परीक्षेवर ठेवतो, असे पत्र आठवड्याने आले. बाबांनी ते दोनदा वाचून घेतले आणि ‘परीक्षा’ या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “आता हीबी परीक्षाच का?” आम्ही सारे हसलो, दादा मात्र डबा कोणता न्यावा हे पाहायला आत गेला होता. तलाठ्याची पुस्तके अजून फळीवरच आहेत.